प्रश्नावली बदलून वापरायची आहे, तर परवानगी नेमकी कशाची मागायची?

प्रश्न: मी समाजकार्यात पीएच.डी. करते आहे. आशा स्वयंसेविकांच्या कामाच्या थकव्यावर सर्वेक्षण करायचे आहे. मास्लाक यांची बर्नआउटची प्रश्नावली नेटवर एका पीडीएफमध्ये मिळाली. त्यातले चार प्रश्न आशांना लागू पडत नाहीत म्हणून काढायचे आहेत, उत्तराचे सात पर्याय जास्त वाटतात म्हणून पाच करायचे आहेत आणि सगळे मराठीत आणायचे आहे. गाईड म्हणतात, संदर्भसूचीत नाव दिले की झाले. मैत्रीण म्हणते, परवानगी लागते. मूळ लेखिकेला मेल केला होता, पण उत्तर नाही. आता पुढे काय करू?

उत्तर:

तुमच्या गाईडचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. संदर्भ दिल्याने ही प्रश्नावली कोणाची आहे ते वाचकाला कळते. पण ती तुम्ही वापरावी, भाषांतरित करावी किंवा बदलावी याला मालकाची संमती आहे की नाही, हे संदर्भातून कळत नाही. श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक केल्याने दुसरी भागत नाही. काही प्रश्नावल्या इतक्या खुल्या असतात की श्रेय पुरते. काहींना पैसे भरून परवाना घ्यावा लागतो आणि वर श्रेयही द्यावे लागते. तुम्ही निवडलेली दुसऱ्या प्रकारची आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतर करण्याचा आणि रूपांतर करण्याचा हक्क हे मूळ मालकाचे स्वतंत्र हक्क मानले आहेत. कलम ५२ मध्ये संशोधनासाठी वाजवी वापराची सूट आहे, पण तिचा भर खाजगी वापरावर आहे. अभ्यासासाठी एक प्रत जवळ ठेवणे वेगळे आणि शेकडो प्रती छापून वाटणे वेगळे. शिवाय पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर जातो. परिशिष्टात पूर्ण प्रश्नावली जोडली की ती जगाला मोफत उघडी होते आणि विकून चालणाऱ्या प्रश्नावलीच्या मालकाची हरकत नेमकी तिथेच येते. वैद्यकीय संशोधनात औषधे वेळेवर घेण्याविषयीच्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीच्या परवान्यावरून वाद झाले आणि छापून आलेले शोधनिबंध मागे घ्यावे लागले. काम पूर्ण झाल्यावर असे होणे फार जिव्हारी लागते, म्हणून हा प्रश्न तुम्ही आधीच विचारलात ते बरे झाले.

एक मात्र लक्षात असू द्या. हक्क असतो तो शब्दांवर आणि मांडणीवर, कल्पनेवर नाही. बर्नआउट या संकल्पनेवर कोणाची मालकी नाही. तुम्ही स्वतः वीस प्रश्न लिहून आशांना विचारू शकता. पण मग मूळ प्रश्नावलीची विश्वासार्हता आणि वैधता तुमच्या प्रश्नांना मिळत नाही, ती तुम्हाला पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. लोक तयार प्रश्नावलीकडे वळतात ते या कष्टामुळेच.

आता तुमच्या मेलबद्दल. मास्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. माणसांची सेवा करणाऱ्यांसाठीच्या तिच्या आवृत्तीत २२ विधाने आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर ० ते ६ असे सात पातळ्यांवर द्यायचे असते. तिचे परवाने माइंड गार्डन ही प्रकाशन संस्था देते. प्रश्नावली लेखिकेची असली तरी वापराची संमती देणारे टेबल दुसरीकडे आहे, त्यामुळे तुमचा मेल चुकीच्या दारात जाऊन पडला असण्याची शक्यता मोठी आहे. आणि उत्तर न येणे ही संमती नव्हे. ‘तीन आठवडे वाट पाहिली, उत्तर नाही, म्हणून वापरली’ असे प्रबंधात लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. परीक्षकाने त्यावर बोट ठेवले तर बचाव उरत नाही.

मालक शोधताना मी या क्रमाने जाते. मूळ शोधनिबंधात किंवा पुस्तिकेत प्रश्नावलीच्या पानाच्या तळाशी हक्काची ओळ पाहते. मग लेखकाच्या संस्थेचे पान, मग प्रकाशक. आरोग्यविषयक प्रश्नावल्यांसाठी मापी रिसर्च ट्रस्टची ईप्रोव्हाइड ही सूची उपयोगी आहे, कारण हक्क कोणाचा आणि कोणत्या भाषांत रूपांतर झाले आहे हे तिथे बहुधा एकत्र मिळते. नेटवर सुटी फिरणारी पीडीएफ मात्र पुरावा म्हणून धरू नका. ती कोणी टाकली, त्याच्याकडे परवाना होता का, टाकताना विधाने बदलली का, यातले काहीच तिच्यावरून समजत नाही. शोधनिबंध खुल्या परवान्याखाली असला तरी जपून. लेखकाने दुसऱ्याची प्रश्नावली परिशिष्टात जोडली असेल, तर निबंधाचा खुला परवाना त्या प्रश्नावलीला आपोआप लागू होत नाही.

बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मेलमध्ये एकच वाक्य असते, ‘तुमची प्रश्नावली वापरण्याची परवानगी द्यावी.’ तुम्हाला मात्र चार गोष्टी करायच्या आहेत: वापरणे, भाषांतर करणे, विधाने काढणे व पर्याय बदलणे, आणि प्रबंधात छापणे. वापराची परवानगी मिळाली म्हणजे उरलेल्या तीन मिळाल्या असे होत नाही. मास्लाक यांच्या प्रश्नावलीच्या बाबतीत भाषांतरासाठी वेगळा करार लागतो, आणि परवाना घेतल्यावरही प्रबंधात संपूर्ण प्रश्नावली छापता येत नाही, मोजकी नमुना विधानेच देता येतात. ऑनलाइन फॉर्मवर टाकायची असेल तर तेही वेगळे विचारावे लागते. चार विधाने काढून पर्याय पाच करण्याला तिथून होकार येईल असे मला वाटत नाही. समजा आलाच, तरी मोजमापाचा प्रश्न शिल्लक राहतो. २२ विधानांवर आणि सात पातळ्यांवर जे गुण येतात त्यांची तुलना १८ विधानांवर आणि पाच पातळ्यांवर आलेल्या गुणांशी करता येत नाही. ‘इतर अभ्यासांच्या तुलनेत आशांमध्ये बर्नआउट जास्त आढळले’ हे वाक्य लिहिण्याचा हक्कच तुम्ही गमावता. परवानगी मालक देतो, वैधता मात्र तो देऊ शकत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की या अभ्यासासाठी प्रश्नावलीच बदला. कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी पाहा. डेन्मार्कमधल्या क्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांनी ती मानवी सेवेच्या क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांवरच्या एका मोठ्या अभ्यासासाठी बनवली आणि २००५ मध्ये ‘वर्क अँड स्ट्रेस’ या नियतकालिकात प्रश्नांसकट प्रसिद्ध केली. संशोधनासाठी ती खुली ठेवलेली आहे. तिच्यात १९ प्रश्न आणि तीन भाग आहेत: व्यक्तिगत थकवा (६ प्रश्न), कामाशी जोडलेला थकवा (७ प्रश्न) आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्या लोकांशी जोडलेला थकवा (६ प्रश्न). उत्तराचे पर्याय मुळातच पाच आहेत. काही प्रश्नांना ‘नेहमी’ ते ‘कधीच किंवा जवळजवळ कधीच नाही’ असे, तर काहींना ‘खूप जास्त प्रमाणात’ ते ‘खूप कमी प्रमाणात’ असे. सातचे पाच करण्याची तुमची गरज इथे आपोआप संपते.

तुमच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट पुढेच आहे. तिसऱ्या भागातल्या प्रश्नांत ‘क्लायंट’ हा शब्द आहे आणि लेखकांनीच सांगितले आहे की त्या जागी रुग्ण, विद्यार्थी, कैदी असा त्या त्या क्षेत्राला लागू पडणारा शब्द घालावा. म्हणजे हा बदल मूळ रचनेनेच धरलेला आहे. तसेच तिन्ही भाग स्वतंत्रपणे वापरता यावेत अशीच त्यांची योजना आहे. फॉर्म लांबतो म्हणून इकडचा एक, तिकडचा एक प्रश्न उडवण्यापेक्षा एक पूर्ण भाग सोडणे केव्हाही चांगले, कारण उरलेल्या भागांचे गुण जसेच्या तसे राहतात. पण आशांच्या बाबतीत मी तिसरा भाग सोडणार नाही. गृहभेटींतून येणारा थकवा तिथेच पकडता येतो.

प्रश्नावली खुली असली तरी लेखकांना किंवा त्यांच्या संस्थेला मेल करा. तीन कारणांसाठी. खुली असल्याचा लेखी पुरावा तुमच्या फाइलमध्ये राहतो, मराठी रूपांतर आधीच झाले असेल तर ते कळते, आणि तुम्ही करणार असलेल्या बदलांवर मूळ लेखकांचे मत मिळते. मेल इंग्रजीत आणि एका पानाच्या आत ठेवा. तुम्ही कोण, कोणत्या विद्यापीठात, अभ्यास कोणावर आणि साधारण किती जणींवर, निधी कोणाचा, प्रश्नावली कागदावर की फोनवर भरून घेणार, हे आधी. मग चारही मागण्या वेगवेगळ्या ओळींत, आणि बदलणार असलेले प्रश्न जुन्या-नव्या शब्दांसह. ‘किरकोळ बदल करू’ असे लिहिलेत तर मिळालेल्या होकाराला काही अर्थ राहत नाही. शेवटी, प्रबंध शोधगंगेवर सार्वजनिक होईल हे स्पष्ट लिहा. दोन आठवड्यांनी आठवण करा. तरीही उत्तर नसेल तर सहलेखकांना लिहा, मग संस्थेला. मेल आणि उत्तरे पीडीएफ करून तारखेसह जपा.

आता बदलांकडे येऊ, कारण परवानगी मिळाल्यावर खरी कसोटी इथे लागते. मी प्रत्येक बदलाला एक प्रश्न विचारते: यात शब्द बदलतो आहे की जे मोजायचे तेच बदलते आहे?

पहिले उदाहरण ‘क्लायंट’चे. आशाताईंचा संबंध कुटुंबांशी येतो, तसाच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लोकांशी, एएनएमशी, गटप्रवर्तकांशीही येतो. ‘लोकांबरोबर काम करणे कठीण वाटते का?’ असे मोघम विचारले तर एक जण वस्तीतल्या सासूबाईंचा विचार करून उत्तर देईल आणि दुसरी वरिष्ठांचा. म्हणून भागाच्या सुरुवातीलाच ‘खालील प्रश्न तुम्ही ज्या कुटुंबांना भेटी देता त्यांच्याविषयी आहेत’ असे लिहा आणि सहाही प्रश्नांत ‘कुटुंबे’ हाच शब्द ठेवा. एका प्रश्नात ‘लाभार्थी’ आणि दुसऱ्यात ‘गावकरी’ असे करू नका. हा बदल शब्दाचा आहे.

दुसरे उदाहरण: कामाच्या दिवसाच्या शेवटी गळून गेल्यासारखे वाटते का, असा एक प्रश्न आहे. आशाताईंना ठरलेली कार्यालयीन वेळ नसते. रात्री बाळंतपणासाठी फोन आला की निघावे लागते. ‘दिवसभराचे काम उरकल्यावर’ असे केले तर अर्थ टिकतो आणि प्रश्न लागू होतो. हाही शब्दाचाच बदल, पण तो नोंदवायचा.

तिसरे उदाहरण अवघड आहे. फावल्या वेळात घरच्यांसाठी आणि मित्रमैत्रिणींसाठी पुरेशी शक्ती उरते का, असा प्रश्न कामाच्या भागाच्या शेवटी आहे. मोह होतो तो असा की आशांना कसला फावला वेळ, तेव्हा ‘घरकामासाठी शक्ती उरते का’ असे विचारावे. हे करू नका. घरकाम ही विश्रांती नाही, तो दुसरा कामाचा भार आहे. प्रश्न बदलला की मोजमापच बदलते. मूळ प्रश्न शक्य तितका जवळ ठेवून भाषांतरित करा आणि घरकामाचा प्रश्न महत्त्वाचा वाटत असेल (मला वाटतो) तर तो स्वतःचा प्रश्न म्हणून शेवटी वेगळ्या भागात घाला. त्याचे गुण प्रश्नावलीच्या गुणांत मिळवू नका. लागू पडत नाही असे वाटणाऱ्या बहुतेक प्रश्नांसाठी हा मार्ग चालतो: मूळ तसेच ठेवायचे आणि आपले जे आहे ते बाजूला, आपल्या नावाने विचारायचे.

भाषांतर एकट्याने करू नका. दोघांनी एकमेकांना न दाखवता मराठी करावे, त्यातला एक विषय जाणणारा आणि दुसरा न जाणणारा. दोन्ही समोर ठेवून एक मसुदा ठरवावा. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या कोणीतरी तो परत इंग्रजीत न्यावा. फरक पडलेल्या जागी तज्ज्ञांनी बसून निर्णय घ्यावा. या पद्धतीवरची बरीच वापरली जाणारी मार्गदर्शक तत्त्वे शेवटी ३० ते ४० जणांवर चाचणी घ्यायला सांगतात. त्या आशा तुमच्या मुख्य नमुन्यातल्या नसाव्यात. त्यांच्याकडून नुसता फॉर्म भरून घेऊ नका. काही जणींजवळ बसून विचारा, ‘हे उत्तर देताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणता दिवस आला?’ फावल्या वेळाच्या प्रश्नावर उत्तर ‘वेळच नसतो’ असे यायला लागले, तर समजा की प्रश्न शक्तीचा आहे हे पोहोचलेले नाही आणि वाक्य पुन्हा बांधावे लागेल. हे तुम्हाला आकडेवारी कधी सांगणार नाही.

याच प्रश्नाची दुसरी गंमत अशी की तो उलट्या दिशेचा आहे. बाकीच्या प्रश्नांत ‘नेहमी’ म्हणजे जास्त थकवा, १०० गुण. पुढे ७५, ५०, २५ आणि ०. इथे मात्र ‘नेहमी’ म्हणजे शक्ती उरते, म्हणून ० गुण. समजा एका ताईंचे कामाच्या भागातले पहिले सहा गुण ७५, ५०, ७५, १००, ५०, ७५ असे आले आणि सातव्याला त्यांनी ‘बऱ्याचदा’ म्हटले. उलटवून त्याचे २५ होतात. बेरीज ४५०, भागिले ७, सरासरी ६४.३. उलटवायचे विसरले तर ७५ धरून ७१.४ येते आणि त्या ताई आहेत त्यापेक्षा जास्त थकलेल्या दिसतात. उलट, जिची शक्ती खरेच उरत नाही तिचा थकवा कमी दिसतो. असे झाले आहे का हे ओळखायला प्रत्येक प्रश्नाचा बाकीच्या प्रश्नांच्या बेरजेशी सहसंबंध काढा. एकच प्रश्न ऋण येत असेल तर आधी गुण देण्याची पद्धत तपासा, मग भाषांतर. लगेच प्रश्न काढून टाकू नका. क्रोनबाखचा अल्फा वाढतो म्हणून प्रश्न वगळण्याची सवय वाईट आहे. शिवाय अल्फा चांगला आला म्हणजे तिन्ही भाग वेगवेगळे राहिले असे होत नाही. त्यासाठी घटक विश्लेषण करावे लागेल आणि त्याला पुरेसा नमुना हवा.

हे सगळे करताना एक वही ठेवा, खरे तर एक तक्ता. प्रश्न क्रमांक, मूळ वाक्य, मराठी वाक्य, काय बदलले, का बदलले, कोणी ठरवले, तारीख. प्रबंधातल्या पद्धतीच्या प्रकरणात यातूनच मजकूर येतो. साधारण असा:

‘या अभ्यासासाठी क्रिस्टेन्सेन व सहकारी (२००५) यांच्या कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरीचे आशा स्वयंसेविकांसाठी मराठी रूपांतर केले. प्रश्नांची संख्या, उत्तराचे पर्याय व गुणांकन मूळप्रमाणे ठेवले. तिसऱ्या भागात “क्लायंट” याऐवजी “कुटुंबे” हा शब्द वापरला व कामाच्या भागातील एका प्रश्नाची शब्दरचना बदलली. बदलांचा तक्ता परिशिष्टात दिला आहे. रूपांतरासंबंधीचा पत्रव्यवहार परिशिष्टात जोडला आहे. शेवटच्या भागातील प्रश्न संशोधिकेने स्वतः तयार केले असून ते वरील गुणांत धरलेले नाहीत.’

प्रश्नावलीला नवे नाव देऊ नका. ‘आशा बर्नआउट मापनी’ असे शीर्षक आणि खाली तुमचे नाव आले की मूळ लेखक अदृश्य होतात आणि पुढचा विद्यार्थी तुम्हालाच मूळ समजतो. मराठी रूपांतराचे श्रेय तुमचे आणि तुमच्या भाषांतरकारांचे, ते जरूर घ्या. पण ते रूपांतर म्हणूनच. आशांच्या हातात जाणाऱ्या फॉर्मवरही तळाशी मूळ नावाची एक ओळ असू द्या. पत्रव्यवहार जोडताना लोकांचे मेल पत्ते आणि फोन नंबर मात्र झाकायला विसरू नका, कारण तेही शोधगंगेवर जातील.

तुम्हाला मास्लाक यांचीच प्रश्नावली हवी असेल, समजा पूर्वीच्या अभ्यासांशी तुलना हाच तुमचा हेतू असेल, तर परवाना विकत घ्या, भाषांतराचा करार करा आणि २२ विधाने, सात पर्याय यांना हात लावू नका. खर्च आणि लागणारा वेळ संशोधन आराखड्यात आधीच धरा. दोन्हींच्या मधला रस्ता, म्हणजे पीडीएफ उचलून थोडी बदलून श्रेय देणे, मी सुचवणार नाही.

नैतिकता समितीकडे जाताना परवानगीचा पत्रव्यवहार आणि अंतिम मराठी फॉर्म दोन्ही जोडा. इंग्रजी मूळ जोडून मंजुरी घ्यायची आणि मराठी नंतर करायचे, असे पुष्कळ ठिकाणी चालते. पण समितीने पाहिलेला आणि आशाताईंनी भरलेला फॉर्म एकच असायला हवा. चाचणीनंतर वाक्ये बदलली तर दुरुस्ती म्हणून समितीला पुन्हा कळवा आणि तिचे उत्तर आल्यावरच गावांत जा.